अनोळखी प्रश्नाची ओळख : अवघड जुन्या प्रश्नपत्रिकांचा उपयोग



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याला मोठा विषय घेण्याचा मोह होतो. मी मात्र एक लहान विषय घेतला आहे, कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांचे सारे आयुष्य अशाच लहान विषयांत खर्ची पडले. वर्गात पाठ नीट शिकलेला, वही व्यवस्थित ठेवणारा, घरी विचारले तर घडाघडा उत्तर देणारा विद्यार्थी परीक्षेत पूर्वी न पाहिलेला प्रश्न दिसताच का थबकतो, आणि त्याचे थबकणे कमी कसे करता येईल, एवढाच आजचा प्रश्न आहे. त्याचे एक जुने आणि कसोटीला उतरलेले उत्तर असे की, अपेक्षेपेक्षा अवघड अशा जुन्या प्रश्नपत्रिका त्याला आधीच सोडवावयास द्याव्यात. परंतु हे उत्तर अर्धे आहे. त्या प्रश्नपत्रिका द्यायच्या कशा, यावर बाकीचे अर्धे अवलंबून असते. चुकीच्या रीतीने दिल्या तर त्याच प्रश्नपत्रिका मुलाचा धीर खचवितात.

खोटा आत्मविश्वास आणि खरा आत्मविश्वास

प्रथम आत्मविश्वास या शब्दाकडेच पाहू. विद्यार्थ्याचा आत्मविश्वास बहुधा ओळखीतून येतो. तोच धडा तिसऱ्यांदा वाचला की वाक्ये परिचयाची वाटतात, आणि परिचयाची वाटतात म्हणून 'मला हे येते' असे तो मानतो. ही समजूत किती फसवी असते, याचा एक नेटका प्रयोग अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक गद्य उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्याला उताऱ्यातील ८३ टक्के मजकूर आठवला, लिहून पाहणाऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, लिहून पाहणाऱ्यांपाशी ६१ टक्के. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, 'आठवड्याने मला हे आठवेल' अशी खात्री ज्यांना अधिक होती, ते वाचणाऱ्या गटातले होते. ज्यांचा विश्वास मोठा त्यांची शिदोरी लहान, असा हा प्रकार.

यावरून एवढे कळते की, ओळखीतून आलेला विश्वास ओळखीच्या प्रश्नापुरताच टिकतो. अनोळखी प्रश्नापुढे उपयोगी पडतो तो निराळा विश्वास. 'याचे उत्तर मला ठाऊक आहे' अशी त्याची भाषा नसते. 'याचे उत्तर मला ठाऊक नाही, पण सुरुवात कोठून करायची हे मला माहीत आहे' असे तो म्हणतो. हा दुसरा विश्वास उपदेशाने येत नाही. अनेकदा अडून, आणि अडल्यावर वाट काढून, तो अंगी येतो. त्यासाठी अडविणारी प्रश्नपत्रिका हवी.

केंब्रिजची एक जुनी रीत

अडविणाऱ्या प्रश्नपत्रिकांचा पद्धतशीर उपयोग जेथे दीर्घकाळ झाला, असे ठिकाण म्हणजे केंब्रिज विद्यापीठातील गणिताची 'ट्रायपॉस' ही परीक्षा. मराठी माणसाला ती अपरिचित नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली या परीक्षेत जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून पहिले आले आणि 'सीनियर रँग्लर' झाले. तेव्हापासून 'रँग्लर' हा शब्द आपल्या भाषेत कायमचा राहिला. आपल्या धारवाडकरांना तर तो आणखी जवळचा आहे. कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरुपद १९५४ पासून १९६७ पर्यंत भूषविणारे डी. सी. पावटे हेही केंब्रिजचे रँग्लर होते, आणि विद्यापीठाचा परिसर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या परीक्षेचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती आठ दिवस चालत असे आणि दररोज साडेपाच तास लिहावे लागे. प्रश्न दोन जातींचे असत. एक, पुस्तकातील सिद्धता जशीच्या तशी मागणारे. दुसरे, त्या सिद्धतेच्या आधारे नवे काही काढावयास सांगणारे, ज्यांचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नसे. पुष्कळदा एकाच प्रश्नात दोन्ही असत : आधी पुस्तकातला भाग आणि त्याच्या पाठीवर बसलेला नवा पोटप्रश्न. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ च्या आपल्या ग्रंथात एका वर्षाचे गुण दिले आहेत. त्या वर्षी एकूण गुण होते १७,०००. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मिळाले ७,६३४ आणि दुसऱ्याला ४,१२३.

क्षणभर या आकड्यांकडे पाहा. सगळ्या विद्यापीठात जो पहिला, त्याला शेकडा पंचेचाळीसही गुण नाहीत. निम्म्याहून अधिक प्रश्नपत्रिका त्याला सुटलेली नाही, आणि तरीही तो पहिला आहे. अशा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी 'सगळे यायलाच हवे' ही अपेक्षा मनातून काढूनच बसत असे. समोर दिसणाऱ्या प्रश्नांपैकी बरेच आपल्याला सुटणार नाहीत, हे गृहीत धरून जे सुटतील ते शोधणे हीच तेथे विद्या होती. आपल्या शाळेतील नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाला याची सवय नसते. एक प्रश्न अडला की सारी प्रश्नपत्रिका हातची गेली असे त्याला वाटते, आणि मग येणारे प्रश्नही बिघडतात.

या परीक्षेसाठी विद्यार्थी खाजगी शिक्षकांकडे जात. त्यांतले सर्वांत नामांकित एडवर्ड राउथ. सुमारे तेहेतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून पंचविसांहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. त्यांचे एक शिष्य, पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेले जे. जे. थॉमसन, यांनी आपल्या आठवणींत राउथ यांची रीत सांगितली आहे. राउथ दर आठवड्यास जुन्या ट्रायपॉसच्या आणि महाविद्यालयीन परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतून डझनभर प्रश्न निवडून देत. एका आठवड्यास ते प्रत्यक्ष परीक्षेप्रमाणे तीन तासांत जमतील तेवढे सोडवायचे. पुढच्या आठवड्यास मात्र वेळेचे बंधन नसे, हवा तितका वेळ घ्यावा. नंतर राउथ यांनी स्वतः लिहिलेली उत्तरे विद्यार्थ्यांना पाहावयास मिळत.

मला या रीतीचा गाभा तिच्या आळीपाळीत दिसतो. घड्याळ लावलेल्या आठवड्यात विद्यार्थी निवड शिकतो : कोणता प्रश्न धरावा, कोणता सोडावा, केव्हा पुढे जावे. घड्याळ नसलेल्या आठवड्यात तो चिकाटी शिकतो : अडलेल्या जागी बसून राहणे, दुसऱ्या बाजूने शिरणे, पहिला प्रयत्न खोडून दुसरा करणे. नुसते घड्याळच लावले तर अवघड प्रश्न कायम 'सोडून दिलेला प्रश्न' राहतो, आणि विद्यार्थी एवढेच शिकतो की असे प्रश्न आपले नव्हेत. नुसता मोकळा वेळच दिला तर घरी सुटणारा प्रश्न परीक्षागृहात सुटत नाही. दोन्ही आलटून पालटून झाले म्हणजे, परवा सोडून दिलेला प्रश्न आज सुटला, हा अनुभव येतो. खऱ्या आत्मविश्वासाचे बीज त्या अनुभवात आहे.

आपल्या मुलांसाठी अवघड प्रश्नपत्रिका कोणती?

आता केंब्रिजहून धारवाडास आणि गणिताकडून मराठीकडे येऊ. एस.एस.एल.सी.ला मराठी घेणाऱ्या हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्याला अनोळखी प्रश्न कोठे भेटतो? मुख्यत्वे अपठित उताऱ्यात आणि स्वतःचे मत मागणाऱ्या प्रश्नात. याचे कारण स्थानिक आहे. पुण्याच्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरची मराठी दुकानाच्या पाटीवर, वर्तमानपत्रात, बसमध्ये आपोआप भेटते. आपल्याकडे बाजारात, रिक्षात, खेळाच्या मैदानावर कानडी असते. घरातली मराठी गोड असते, पण तिच्यात 'उताऱ्यातील लेखकाची भूमिका' असे शब्द नसतात. त्यामुळे छापील मराठी या मुलाला जवळजवळ पाठ्यपुस्तकातूनच भेटते, आणि पुस्तकाबाहेरचे पहिले वाक्य दिसताच भाषाच परकी झाल्यासारखे त्याला वाटते.

आपल्याच मंडळाच्या मागील पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडविण्याचा प्रघात आहे, आणि तो असावाच. प्रश्नपत्रिकेची घडण त्यांवरून कळते. परंतु त्यांतले बरेचसे प्रश्न नेमलेल्या धड्यांवरचे असल्याने ते ओळखीचेच असतात. पाचवी प्रश्नपत्रिका सोडविताना मूल नवे काही शिकत नाही, जुने आठवते.

यावर एक उपाय अगदी हाताशी आहे. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या 'कुमारभारती' या विषयाच्या जुन्या कृतिपत्रिका घ्याव्यात. त्यांचे पाठ्यपुस्तक वेगळे आहे आणि आपल्या मुलांनी ते पाहिलेले नसते. पण कृतिपत्रिकेत धड्यातला उतारा आणि कविता छापलेली असते आणि तिच्यावर कृती विचारलेल्या असतात. म्हणजे सोलापूरच्या मुलाला जो उतारा पठित, तोच धारवाडच्या मुलाला अपठित! संपूर्ण कृतिपत्रिकेत त्याला ओळखीचे असे व्याकरण आणि पत्रलेखन एवढेच सापडते. शिवाय धड्यांतल्या गद्य उताऱ्यांच्या शेवटी 'स्वमत' मागितलेले असते, त्याला पाठांतर उपयोगी पडत नाही. अपेक्षेपेक्षा अवघड, तरीही त्याच वयाच्या मुलांसाठी तयार केलेली आणि जिची नमुना उत्तरे शिक्षकाला तयार करता येतील, अशी ही प्रश्नपत्रिका आहे. अवघडपणाचा हा प्रकार उत्तम, कारण तो केवळ अपरिचयाचा आहे. वयाला न पेलणाऱ्या कल्पनांचा तो नव्हे.

एक उदाहरण : तळ्याचा उतारा

हे प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहण्यासाठी मी एक लहान उतारा तयार केला आहे. परीक्षेत येतो तसाच तो आहे.

> आमच्या गावच्या तळ्यातला गाळ काढण्याचे काम पूर्वी दर उन्हाळ्यात होई. पाणी काठापासून मागे सरले की उघड्या पडलेल्या भागात घरटी एक माणूस आणि एक टोपली येई. तो गाळ शेतात पडे आणि शेत दोन वर्षे आभार मानी. वैशाखातही तळ्याच्या मध्यभागी कमरेइतके पाणी असे. पुढे घराघरांत नळ आले. टोपल्या माळ्यावर गेल्या. आता फाल्गुनातच मुले तळ्यात क्रिकेट खेळतात. आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की सांडव्यावरून पाणी वाहू लागते. लोक काठावर उभे राहून कौतुकाने म्हणतात, "यंदा तळे किती लवकर भरले!"

प्रश्न असा : 'लोकांच्या शेवटच्या उद्गारात लेखकाला काय दिसते, ते उताऱ्याच्या आधारे लिहा.'

समजा, दहावीतली एक हुशार मुलगी हा उतारा घड्याळ लावून सोडवीत आहे. तिचे पहिले उत्तर बहुधा असे येईल : 'पाऊस चांगला झाल्यामुळे तळे लवकर भरले, म्हणून लोकांना आनंद झाला आहे.' वाक्य शुद्ध आहे, उताऱ्यातले शब्दही त्यात आहेत. आणि उत्तर चुकलेले आहे. तिला ते चुकल्याचे जाणवतही नाही, कारण उतारा तिला 'समजला' आहे.

आता घड्याळ नसलेल्या आठवड्यात तीच मुलगी त्याच प्रश्नापाशी पुन्हा बसते. नमुना उत्तर तिला अद्याप दाखविलेले नाही, फक्त 'हे उत्तर अपुरे आहे' एवढेच सांगितले आहे. आता तिने काय करावे? पहिली पायरी, प्रश्नातला प्रत्येक शब्द तपासणे. प्रश्न 'लोकांना काय वाटते' असे विचारीत नाही, 'लेखकाला काय दिसते' असे विचारतो. म्हणजे लोकांचे मत आणि लेखकाचे मत वेगळे असण्याचा संभव आहे. दुसरी पायरी, शेवटच्या वाक्याशी न जुळणारे वाक्य उताऱ्यात शोधणे. तळे लवकर भरते हे खरे, पण त्याच्या आधीच लिहिले आहे की ते फाल्गुनातच कोरडे पडते, आणि पूर्वी वैशाखातही त्यात पाणी असे. जे लवकर भरते तेच लवकर आटते, असे का व्हावे? तिसरी पायरी, या दोहोंना जोडणारे कारण उताऱ्यात आहे का, ते पाहणे. आहे : गाळ काढणे थांबले. गाळ साचला, तळे उथळ झाले, म्हणून थोड्या पाण्यात ते काठोकाठ दिसते आणि थोड्या उन्हात रिकामे होते. लोक ज्याचे कौतुक करतात ते तळ्याच्या ऱ्हासाचे लक्षण आहे, आणि लेखकाला त्या उद्गारात लोकांचे अज्ञान दिसते. 'टोपल्या माळ्यावर गेल्या' या तीन शब्दांचे वजन आता तिला कळते.

येथे तिला नवी माहिती कोणीही दिलेली नाही. 'सांडवा' हा एखादा शब्द अडला असेल, तर पुढच्या 'पाणी वाहू लागते' या शब्दांवरून तोही उलगडण्याजोगा आहे. फक्त वेळ मिळाला, आणि 'अपुरे आहे' एवढी सूचना मिळाली. नमुना उत्तर पहिल्याच दिवशी हाती दिले असते, तर तिने 'अरे, हो!' म्हटले असते आणि वही मिटली असती. स्वतः काढलेल्या त्या तीन पायऱ्या मात्र तिच्या झाल्या, आणि तळे, गाळ यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या पुढच्या उताऱ्यात त्या उपयोगी पडतील. बोलणाऱ्याचे मत आणि लेखकाचे मत एकच धरणे ही चूक नाटकाच्या उताऱ्यात होते, विनोदी लेखात होते, कवितेतही होते.

अडलेल्या जागांची वही

म्हणून माझा आग्रह असा की, अवघड प्रश्नपत्रिकेबरोबर गुणांची नोंद दुय्यम ठेवावी आणि एक वेगळी वही करावी. तिच्यात प्रत्येक अडलेल्या प्रश्नापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात : कोठे अडले, आणि शेवटी कशाने सुटले. वरच्या मुलीची नोंद अशी असेल : 'लोकांचे म्हणणे तेच लेखकाचे समजले. न जुळणारे वाक्य शोधल्यावर सुटले.'

अशा आठ-दहा प्रश्नपत्रिका झाल्या की वहीत एक गंमत दिसू लागते. अडण्याच्या जागा फार नसतात. बहुतेक नोंदी चार प्रकारांत बसतात. एखादा शब्दच माहीत नव्हता. प्रश्नाने काय विचारले ते नीट वाचले नव्हते. उत्तर सुचले होते, पण कोठून सुरू करावे ते कळले नाही. किंवा येत होते, पण वेळ उरला नाही. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. शब्द अडतात त्याने वाचन वाढवावे आणि मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थ लावण्याचा सराव करावा. प्रश्न चुकीचा वाचणाऱ्याने उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावा. मांडणी अडते त्याने कच्च्या कागदावर आधी केवळ मुद्दे टिपावेत. वेळ पुरत नाही त्याने घड्याळाचे आठवडे वाढवावेत. 'माझे मराठी कच्चे आहे' या वाक्यावर काहीच इलाज करता येत नाही. 'मी प्रश्न घाईने वाचतो' या वाक्यावर उद्यापासून करता येतो. अनोळखी प्रश्नांची भीती अशीच कमी होते. प्रश्न पुढेही नवेच येत राहतात, पण आपण कोठे अडतो ते आपल्याला ठाऊक झालेले असते.

कोठे थांबावे

अवघडपणा हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. रॉबर्ट ब्यॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शिकण्यास उपकारक ठरणाऱ्या अडचणींची कल्पना मांडली, तेव्हा तिच्याबरोबर एक अटही सांगितली. ज्या अडचणीला तोंड देण्याजोगी पूर्वतयारी विद्यार्थ्यापाशी आहे, तीच उपकारक, एरवी ती नुसतीच अडचण. शिक्षकाने हे ओळखावे कसे? मी एक ढोबळ खूण सुचवितो. वेळेचे बंधन नसलेल्या आठवड्यात, पुस्तक आणि शब्दकोश हाताशी असताना, विद्यार्थ्याला निदान निम्म्या प्रश्नांची पहिली पायरी तरी चढता आली पाहिजे. उत्तर पूर्ण आले पाहिजे असे नाही, सुरुवात झाली पाहिजे. जो एक-तृतीयांश प्रश्नांनाही हात घालू शकत नाही, त्याच्यासाठी ती प्रश्नपत्रिका चुकीची आहे. त्याला नववीची कृतिपत्रिका द्यावी. दुसरी खूण वहीत दिसते. 'कोठे अडले' या रकान्यात सलग तीन आठवडे 'काहीच कळले नाही' एवढेच येऊ लागले, तर सराव थांबवून शिकवणे सुरू करावे.

वेळेचीही मर्यादा आहे. हा उद्योग दिवाळीनंतर सुरू व्हावा आणि जानेवारीअखेर संपावा. आठवड्यास एक प्रश्नपत्रिका पुरे. दहा आठवडे मिळाले तर पाच घड्याळाचे, पाच मोकळे. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात अवघड प्रश्नपत्रिका हाती देऊच नये. त्या दिवसांत आपल्याच मंडळाच्या, ओळखीच्या घडणीच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. अवघड वाटेवरून चालून आलेल्याला सपाट रस्ता किती सोपा असतो, हे त्याला तेव्हाच जाणवले पाहिजे. जाणविण्याची ही संधी न देता मुलाला थेट परीक्षागृहात पाठविले, तर त्याच्या मनात शेवटची आठवण अडण्याचीच राहते.

आणखी एक धोका सांगणे भाग आहे. अवघड जुने प्रश्न उत्तरांसकट पाठ करणे हा या सबंध रीतीचा विपर्यास आहे, आणि अपेक्षित प्रश्नसंचांनी तो घरोघर पोहोचविला आहे. केंब्रिजलाही हा धोका चुकला नाही. ट्रायपॉसची तयारी पुढे इतकी यांत्रिक झाली की, प्रश्न सोडविण्याची हातोटी हेच साध्य बनले आणि खरे गणित बाजूस राहिले. रामानुजनांचे सहकारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते जी. एच. हार्डी स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. त्यांनीच या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि १९०९ नंतर यशस्वी उमेदवारांची क्रमवारी जाहीर करण्याची प्रथा बंद झाली. म्हणून राउथ यांच्या रीतीतली आळीपाळी घ्यावी, चुरस घेऊ नये. अवघड प्रश्नपत्रिकेचे गुण फळ्यावर लावू नयेत. तेथे तीस गुण मिळविणारा आणि चाळीस मिळविणारा यांच्यातला फरक सांगण्याजोगा नसतो.

परीक्षागृहातील पहिली पंधरा मिनिटे

शेवटी, हे सारे प्रत्यक्ष परीक्षेत कसे उतरते ते सांगून थांबतो. आपल्या राज्याच्या एस.एस.एल.सी. परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीस पंधरा मिनिटे वेगळी दिलेली असतात. बहुतेक मुले ती ओळखीचे प्रश्न शोधून आनंदित होण्यात घालवितात. ज्याने अवघड प्रश्नपत्रिकांचा सराव केला आहे त्याने याच्या उलट करावे. अपठित उतारा आणि स्वमताचा प्रश्न आधी, सावकाश वाचावा, प्रश्न काय विचारतो हे मनाशी आपल्या शब्दांत मांडावे, आणि मग त्याला तेथेच ठेवून ओळखीच्या प्रश्नांकडे वळावे. अनोळखी प्रश्न आधी वाचावा, पण आधी सोडवू नये. ओळखीची उत्तरे लिहिता लिहिता हात मोकळा होतो, आणि तासाभराने त्या उताऱ्याकडे परतल्यावर तो पहिल्याइतका परका राहत नाही, कारण त्याची एक भेट झालेली असते. उतारा वाचताच काही सुचले नाही, तर वहीतल्या त्या चार प्रकारांपैकी आपण कोणत्या जागी अडलो आहोत, एवढे स्वतःला विचारावे. बहुधा त्या विचारण्यातच पहिली पायरी सापडते.

माझ्या दृष्टीने यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. मराठी घरात जन्मलेले आणि कानडी शहरात वाढलेले मूल छापील मराठीपुढे बिचकले, तर शाळा सुटल्याबरोबर त्याची छापील मराठीही सुटते. मग मराठी पुस्तक, मराठी वर्तमानपत्र, आजीचे जुने पत्र, सारेच त्याच्यासाठी अपठित उतारे होऊन राहतात. आणि ते वाचताना त्याला परीक्षकही विचारणारा नसतो, शिक्षकही सांगणारा नसतो. सोलापूरच्या मुलांसाठी निघालेली कृतिपत्रिका धारवाडच्या मुलीने एकटीने, एका संध्याकाळी, शब्दकोश जवळ ठेवून सोडविली आणि शेवटच्या स्वमताच्या जागी पाच ओळी स्वतःच्या लिहिल्या, तर पुस्तकाबाहेरच्या मराठीत ती पहिल्यांदा आपल्या पायांनी चालली असे मी म्हणेन. या शाळेच्या कपाटात अशा जुन्या कृतिपत्रिकांचा एक गठ्ठा आणि प्रत्येक मुलाची अडलेल्या जागांची एक वही राहावी, एवढीच सूचना या व्याख्यानाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवतो, आणि आपली रजा घेतो.